ट्रक एकाचे, जबाबदारी दुसऱ्याची

चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्याची कल्पना करा. माल जर्मनीला जायचा आहे. चाकण ते भिवंडी ट्रक एका वाहतूकदाराचा, भिवंडीचं गोदाम दुसऱ्या कंपनीचं आणि न्हावा शेवा बंदरातली कस्टम्सची कागदपत्रं तिसऱ्या एजंटकडे. हे तिघेही थर्ड पार्टी, म्हणजे थ्रीपीएल. प्रत्येकाकडे स्वतःची साधनं किंवा माणसं आहेत आणि प्रत्येक जण फेरीमागे, पॅलेटमागे किंवा बिलामागे पैसे घेतो.

शुक्रवारी रात्री ट्रक वेळेवर भिवंडीत पोहोचला. गोदामाचा करार माल चोवीस तासांत नोंदवायचा. त्यांनी शनिवारी संध्याकाळी नोंदवला. एजंटला कागद मिळाले तेव्हा त्याचं कार्यालय बंद झालं होतं, त्याने सोमवारी सकाळी शिपिंग बिल भरलं. तेही करारात बसणारंच. पण जहाजासाठी कंटेनर बंदरात घ्यायची मुदत रविवारीच संपली होती. तिघांचेही अहवाल हिरवे, आणि माल पुढच्या जहाजाची वाट पाहत पडलेला. दंड लावायचा तरी कोणाला?

फोर्थ पार्टीची जागा नेमकी इथे आहे. फोरपीएल सहसा स्वतःचे ट्रक किंवा गोदामं ठेवत नाही. तो जहाजाच्या मुदतीपासून मागे मोजत येतो, तिघांच्या वेळा जुळवून घेतो, त्यांचे करार आणि बिलं सांभाळतो. कारखान्याला उत्तर देणारा तो एकटाच. त्याला व्यवस्थापनाची ठरलेली फी मिळते, बऱ्याचदा वाचवलेल्या खर्चातला वाटाही. ही कल्पना अँडरसन कन्सल्टिंगने (आजची अॅक्सेंचर) १९९६च्या सुमारास मांडली. सल्लागार कंपनीला ती सुचावी यात नवल नाही; तिच्याकडे विकायला ट्रक नव्हतेच.

अडचण येते ती थ्रीपीएल कंपनीच जेव्हा फोरपीएलची पाटी लावते तेव्हा. आपलं गोदाम अर्धं रिकामं असताना ती शेजारचं स्वस्त गोदाम सुचवेल का? म्हणून अशा कंपनीच्या करारात दोन गोष्टी आधी शोधाव्यात: तिच्याच समूहातल्या वाहतूकदारांनाही इतरांसारखे दर भरून स्पर्धेत उतरावं लागतं का, आणि उपकंत्राटदारांची मूळ बिलं ग्राहकाला दिसतात का. दुसरं नसेल तर वाचवलेल्या खर्चातला वाटा नुसत्या विश्वासावर द्यावा लागतो.

अमेरिकेत जनरल मोटर्सने २०००मध्ये सीएनएफ या वाहतूक कंपनीसोबत व्हेक्टर एससीएम नावाची कंपनी काढली. जीएमची अवाढव्य पुरवठासाखळी सांभाळणं हे तिचं काम. फोरपीएलचं उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांतून ती बरीच गाजली. २००६मध्ये मात्र जीएमने भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन हे काम घरातच आणलं. माझ्या मते यात फोरपीएलची खरी मर्यादा दिसते: कोणता माल, कोणत्या वाटेने, किती दराने जातो याची सगळी माहिती त्याच्याकडे गोळा होते. ट्रकवाला महिन्याभरात बदलता येतो. ही माहिती मात्र करार संपताना कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात राहील, हे सही करण्याआधीच लिहून घ्यावं लागतं.