सुकटीची रील आणि सहा हजार रुपये

द्रोणागिरी नोडमध्ये घरातून सुकी मासळी आणि आगरी मसाला विकणाऱ्या एखाद्या ताईंकडे एप्रिल-मे म्हणजे धंद्याचा ऐन मोसम. पावसाळ्याआधीची आगोट भरायला लोक सुकट, बोंबील, सोडे शोधत असतात. 1 जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, त्यामुळे जे विकायचं ते आत्ताच. धरून चालू की या महिन्यात प्रचाराला सहा हजार रुपये काढता येतात. मग प्रश्न येतो: सगळे पैसे एका रीलमागे लावायचे, की त्यात आणखी रील करायच्या?

पहिला सल्ला बहुतेक वेळा घरातूनच येतो: ज्या रीलला सर्वांत जास्त व्ह्यूज, तीच बूस्ट कर. ऐकायला बरोबर वाटतं, पण पैसे बुडतात ते बहुधा इथेच. समजा चार रील टाकल्या. एकीत करंजा बंदरातल्या होड्या, संध्याकाळचा उजेड आणि गाजलेलं कोळीगीत. तिला 22,000 व्ह्यूज मिळाले आणि चौकशा आल्या तीन. दुसरीत ताई सुपात सुकट घेऊन त्यातली वाळू आणि कचरा कसा काढतात ते दाखवतात आणि पडद्यावर भाव लिहिलेला आहे. तिला 2,600 व्ह्यूज, पण चौकशा अकरा. हजार व्ह्यूजमागे पहिलीत एकही चौकशी नीट पडत नाही, दुसरीत चार पडतात. पहिली रील कोल्हापूरपासून दुबईपर्यंत लोकांना आवडली असेल, पण त्यांना सुकट हवी होती असं नाही. पैसे लावायचे ते दुसरीवर.

कोणती चौकशी कुठल्या रीलमधून आली हे कळण्यासाठी एक साधी युक्ती पुरते. एका रीलच्या शेवटी ‘व्हॉट्सअ‍ॅपवर सुकट असं लिहून पाठवा’ म्हणायचं, दुसरीत ‘मसाला’, तिसरीत ‘आगोट’. आलेल्या मेसेजचा पहिला शब्दच हिशोब सांगतो. आणि गाजलेल्या गाण्याचा मोह आधीच आवरावा. हक्क राखीव असलेलं गाणं रीलला लावलं की इन्स्टाग्राम ती बूस्टच करू देत नाही, आणि हे कळतं ते पैसे भरायला गेल्यावर.

दुसरा समज असा की एकदा बूस्ट केलं की रीलला जोर येतो आणि मग ती फुकटही पळते. जाहिरातीतून दाखवणं आणि अ‍ॅपने आपणहून दाखवणं हे दोन वेगळे नळ आहेत. पैसे संपले की पहिला बंद होतो. त्यातून आलेले नवे फॉलोअर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जतन केलेले नंबर एवढंच मागे उरतं. म्हणून त्या आठवड्याचा खर्च त्या आठवड्याच्या ऑर्डरींतूनच निघतो का, हे बघायचं.

आता हिशोब मांडू. अर्धा किलो मसाला आणि पाव किलो सुकट असा जोड ₹600 ला विकला, माल, पॅकिंग आणि कुरिअर वजा जाता हातात ₹180 उरतात असं धरू. म्हणजे एक ऑर्डर आणायला जाहिरातीवर ₹180 पेक्षा जास्त गेले की प्रत्येक विक्री तोट्याची. चार रीलचं चित्रीकरण आणि जोडकाम ओळखीच्या मुलाकडून एका सकाळी ₹1,800 ला झालं. ‘रील करायला काय लागतं, मोबाइल तर आहेच’ असं म्हणणारे हे पैसे आणि ताईंची एक सकाळ मोजत नाहीत. दहा दिवस या रील फुकट चालू दिल्या आणि सुपातली सुकट पुढे आली.

तिला रोज ₹200 प्रमाणे सहा दिवस लावले. ₹1,200 वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून ₹1,416. उद्दिष्ट निवडताना प्रोफाइलला भेटी नव्हे, मेसेज निवडायचा. कारण अ‍ॅप आपण मागू तेच शोधून देतं, आणि प्रोफाइलला नुसती भेट देणारे स्वस्तात मिळतात. आले 24 मेसेज, नऊ ऑर्डरी. ऑर्डरमागे ₹157. जाहिरातीपुरतं सुटलो, पण थोडक्यात.

इथे ठिकाणाचा एक घोळ होतो, तो या भागाचाच आहे. द्रोणागिरीभोवती 16 किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर अर्धं समुद्रात जातं, समोर कुलाबा त्यात येतो आणि पनवेल बाहेर राहतं. मालाची पिशवी हातोहात द्यायची असेल तर वर्तुळ सोडून उरण, उलवे, पनवेल अशी ठिकाणं नावाने निवडावीत. जानेवारी 2024 पासून लोकल उरणपर्यंत येते, द्रोणागिरीला स्टेशन आहे. त्या रेल्वेमार्गावरच्या गिऱ्हाइकाला पिशवी देणं सोपं झालंय.

मग तिसरा समज: चाललंय ना, तर हीच जाहिरात चालू ठेवा. तीच जाहिरात पुन्हा लावली, तर दुसऱ्या खेपेच्या तिसऱ्या दिवसापर्यंत ₹708 गेले होते आणि मेसेज आले होते सात. आधी मेसेजमागे ₹59 जात होते, आता ₹101. ऑर्डरी दोनच, पण एवढ्या लहान आकड्यात दोन की चार हा नशिबाचाही भाग असतो. त्यावरून निर्णय घेऊ नये. खरं कारण शोधायचं तर जाहिरात एकूण किती वेळा दिसली याला ती किती जणांना दिसली याने भागायचं. पहिल्या खेपेला उत्तर दीडच्या आसपास होतं, आता ते तीनच्या पुढे गेलं. म्हणजे त्याच उलव्यातल्या त्याच माणसांना तीच सुकट तिसऱ्यांदा दाखवली जात होती. ज्यांना घ्यायची होती त्यांनी घेतली. मोठ्या शहरात हा आकडा चढायला वेळ लागतो, तालुक्याएवढ्या बाजारात आठवड्यात चढतो. म्हणूनच लहान गावातल्या विक्रेत्याला एकाच रीलवर सगळी रक्कम लावणं मुंबईतल्या विक्रेत्यापेक्षा लवकर महाग पडतं. मेसेजचा भाव चढतोय आणि हा भागाकारही चढतोय, तर रील थकली, थांबवायची. भाव चढतोय पण भागाकार जागेवरच आहे, तर दोष दुसरीकडे शोधायचा: बहुधा माणसं चुकीची किंवा किंमत.

रोज आत जाऊन बजेट, ठिकाण, वय बदलत राहणं हेही कामाला येत नाही. मेटाच्या यंत्रणेला जाहिरात कोणाला दाखवावी हे ठरवायला आठवड्यात साधारण 50 निकाल लागतात. ताईंच्या 24 मेसेजमध्ये ते पूर्ण होत नाही, आणि मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू. पाच-सहा दिवस हात न लावलेला बरा.

हाताशी ₹2,076 उरतात. जाहिरात थांबवल्यावर ते सगळे नव्या रीलवर लावायचे की थोडे प्रचाराला ठेवायचे? माझं मत, मोसमाच्या या टोकाला बहुतेक चित्रीकरणात घालावेत, कारण पाऊस लागला की काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील दाखवायला मिळणार नाहीत. नव्या रीलही सुपातल्या सुकटीच्याच धाटणीच्या: बोंबील चांगला कसा ओळखायचा, सोडे भिजवायचे किती वेळ, मसाला किती दिवस टिकतो. लोकांनी मेसेजमध्ये विचारलेले हेच प्रश्न असतात. त्यातली एकच आत्ता टाकावी, बाकीच्या मोबाइलमध्ये ठेवाव्यात. ऑगस्टमध्ये बोटी परत समुद्रात गेल्या तरी सुका माल तयार व्हायला ऊन पडावं लागतं, आणि तोवर पानावर टाकायला काहीतरी हवं.