दोघे एकदम, की एकामागून एक?

माणसाला आजारी पाडणाऱ्या विषाणूंमध्ये डेल्टा हा सर्वांत छोटा. त्याची सगळी जनुकीय माहिती आरएनएच्या एका गोल धाग्यावर, जेमतेम १७०० अक्षरांत मावते. करोनाच्या विषाणूत हीच अक्षरं सुमारे ३०,००० असतात. एवढ्याशा मजकुरात डेल्टाला एकच प्रथिन लिहिता येतं, आणि तेही लहान आणि मोठं अशा दोन रूपांत वापरून तो काम भागवतो. स्वतःच्या प्रती काढायचं यंत्रसुद्धा त्याच्याकडे नाही. ते तो यकृताच्या पेशीकडून वापरायला घेतो.

इथपर्यंत त्याचं निभावतं. यकृताच्या पेशीत एकदा शिरला की डेल्टा तिच्या केंद्रकात बसून आपल्या प्रती काढत राहतो, त्यासाठी त्याला आणखी कोणाची गरज लागत नाही. अडचण येते बाहेर पडताना. एका पेशीतून निघून दुसरीत शिरायचं तर अंगावर आवरण हवं, आणि ते बनवण्याची कृती त्या १७०० अक्षरांत कुठेही नाही. आवरण बनवतो हिपॅटायटिस बी. आपल्याकडे काही जण ज्या आजाराला पांढरी कावीळ म्हणतात, त्याचा हा विषाणू. ‘डेल्टाला वाढायला बी लागतो’ असं म्हणतात, त्याचा नेमका अर्थ एवढाच: डेल्टा पसरतो तो बीचा अंगरखा घालून. ज्याच्या शरीरात बी नाही, त्याला डेल्टाचा आजार होऊच शकत नाही.

तो अंगरखा आपल्या परिचयाचाही आहे. शस्त्रक्रियेच्या आधी, रक्तदानाच्या वेळी, गरोदरपणात जी ‘एचबीएसएजी’ तपासणी होते, ती या आवरणाच्या प्रथिनाचीच. बीची जुनी लागण असलेल्या माणसाच्या रक्तात हे प्रथिन प्रचंड प्रमाणात असतं, कारण बी विषाणू गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवरणं बनवतो. एका पूर्ण विषाणूमागे आत काहीच नसलेली हजारो रिकामी आवरणं रक्तात फिरत असतात. बीला त्यांचा फारसा उपयोग नाही. डेल्टाला मात्र याहून चांगली सोय कुठली?

डेल्टा सापडला तो इटलीतल्या तुरिनमध्ये. मारिओ रिझ्झेट्टो हे तरुण डॉक्टर बीच्या रुग्णांच्या यकृताचे बारीक तुकडे चमकणाऱ्या रंगांच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. काही रुग्णांच्या पेशींची केंद्रकं चमकत होती, पण बीच्या कोणत्याही माहीत असलेल्या प्रथिनाशी ती चमक जुळत नव्हती. १९७७ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. तेव्हा त्यांना वाटलं होतं की हे बीचंच एखादं अनोळखी प्रथिन असावं. अंदाज अगदी वाजवी होता, कारण चमक दिसे ती फक्त बीच्या रुग्णांत.

उलगडा झाला अमेरिकेत, चिंपांझींवरच्या प्रयोगांत. रॉबर्ट पर्सेल आणि जॉन गेरिन यांच्याबरोबर रिझ्झेट्टोंनी डेल्टा असलेल्या रुग्णाचं रक्तद्रव दोन प्रकारच्या चिंपांझींना टोचलं. एका गटाला बीची लागण कधीच झालेली नव्हती. दुसरा गट बीचा वाहक होता, म्हणजे वर्षानुवर्षं रक्तात एचबीएसएजी बाळगणारा. पहिल्या गटात आधी बी वाढला, त्याच्या मागून डेल्टा थोडा वेळ दिसला आणि नाहीसा झाला. दुसऱ्या गटात डेल्टा झटपट आणि जोरात वाढला, आणि आधीपासून ठाण मांडून बसलेला बी उलट दबला गेला. एखाद्या विषाणूचंच प्रथिन स्वतःच्या विषाणूला असं दाबत नाही. म्हणजे हा वेगळा, बीवर विसंबून असलेला जीव होता. माझ्या मते या प्रयोगाची दुसरी बाजूही तितकीच मोलाची आहे, कारण डॉक्टर पुढे माणसांत जे पाहणार होते ते सगळं या दोन गटांत आधीच दिसून गेलं होतं.

दोन्ही विषाणू एकाच वेळी आत आले, तर त्याला डॉक्टर को-इन्फेक्शन म्हणतात. बी आधीपासून मुक्कामाला असताना डेल्टा मागून आला, तर सुपरइन्फेक्शन. विषाणू तेच, यकृत तेच, तरी शेवट अगदी वेगळा.

को-इन्फेक्शनमध्ये सुरुवातीला आवरणंच नसतात. बी आधी पेशींत शिरून पुरेशी आवरणं बनवेपर्यंत डेल्टाला थांबावं लागतं. म्हणून काही रुग्णांत कावीळ दोन झटक्यांत येते. एसजीपीटी एकदा वाढतं, उतरू लागतं आणि काही आठवड्यांनी पुन्हा चढतं. पहिली उसळी बीची, दुसरी डेल्टाची. हा आजार नुसत्या बीपेक्षा कडक असू शकतो, आणि थोड्या रुग्णांत यकृत अचानक निकामी होण्याचा धोकाही असतो. पण धडधाकट प्रौढ माणसाची प्रतिकारशक्ती शंभरांतल्या पंचाण्णव वेळा बीला हाकलून लावते. बी गेला की आवरण बनणं थांबतं, आणि डेल्टाला पुढच्या पेशीत जायचा रस्ताच उरत नाही. डेल्टाला वेगळं हरवावं लागत नाही. म्हणूनच को-इन्फेक्शनमधून डेल्टा कायमचा चिकटण्याचं प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी असतं.

सुपरइन्फेक्शनमध्ये याच्या उलट घडतं. वाहकाच्या शरीराने बीशी कधीचीच तडजोड केलेली असते, त्यामुळे बी जाणार नसतो. आवरणांचा साठा तयार असतो, आणि डेल्टाला पहिल्या दिवसापासून मोकळं रान मिळतं. अशा रुग्णांत ७० ते ९० टक्के वेळा डेल्टा कायमचा बसतो. मग सिऱ्हॉसिस, म्हणजे यकृत निबर होऊन गाठाळणं, नुसत्या बीच्या रुग्णापेक्षा जवळपास दहा वर्षं आधी येतं.

हे एखाद्या वस्तीवर कसं कोसळतं, ते व्हेनेझुएलात दिसलं. कोलंबियाच्या सीमेवरच्या पेरिहा डोंगररांगेत युक्पा आदिवासी राहतात. त्यांच्यात बीचे वाहक पुष्कळ होते, आणि बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नव्हता. १९७९ ते १९८१ या काळात तिथे काविळीची साथ आली. १४९ रुग्ण झाले, त्यांत लहान मुलं आणि तरुणांचाच भरणा होता. ३४ जण दगावले आणि २२ जणांचा आजार जुनाट झाला. साध्या काविळीच्या साथीत चौघांमागे जवळपास एक माणूस मरत नाही. रक्त तपासल्यावर कारण कळलं: बीच्या वाहकांमध्ये डेल्टा शिरला होता. वस्तीत वाहकच नसते, तर डेल्टाला तिथे पाय ठेवायला जागा मिळाली नसती.

आता दवाखान्यात या. समजा, तिशीतला एक माणूस पिवळे डोळे घेऊन आला आहे. एसजीपीटी दीड हजाराच्या वर, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. आधी कधी रक्त तपासलेलं नाही. डॉक्टर सहज म्हणतील, बीची नवी कावीळ आहे, विश्रांती घ्या, बहुधा बरी होईल. तो बीचा जुना वाहक असेल आणि आता वर डेल्टा आला असेल, तर हा दिलासा खोटा ठरेल. दोन्ही माणसांचा चेहरा सारखा पिवळा, आणि वरवरचे रिपोर्टही सारखेच.

फरक सांगते ती बीच्या गाभ्याच्या प्रथिनाविरुद्धची आयजीएम अँटिबॉडी. बीची लागण ताजी असली की ही जोरात पॉझिटिव्ह येते. जुन्या वाहकात ती नसते, तिथे फक्त आयजीजी प्रकारची मिळते. म्हणून डेल्टाविरोधी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आणि सोबत ही आयजीएमही ठळक असेल, तर को-इन्फेक्शन. डेल्टा पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह, तर सुपरइन्फेक्शन. आणखी एक खूण म्हणजे यकृत इतकं सुजलेलं असताना रक्तातलं बीचं डीएनए अगदी कमी निघणं. डेल्टा बीला दाबतो, हे चिंपांझींत दिसलं होतंच.

तपासण्यांना मर्यादाही आहेत. डेल्टाविरोधी अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातला निगेटिव्ह रिपोर्ट हा शेवटचा शब्द नव्हे. को-इन्फेक्शनमध्ये तर ती उशिरा, क्षीण येते आणि नंतर विरूनही जाते. जुन्या बीने अचानक उचल खाल्ली तरी आयजीएम थोडीफार पॉझिटिव्ह येते आणि निदान चकवतं. अशा वेळी डेल्टाचा आरएनए शोधणारी पीसीआर तपासणी करावी लागते. तरीही शंका राहिली तर सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासतात. तो गेला, तर बहुधा को-इन्फेक्शन होतं आणि संपलं.

उपचारांकडे आलं की बहुतेकांना एक गोष्ट खटकते. बीवर टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर यांसारख्या चांगल्या गोळ्या आहेत. त्या घेऊन बीचं डीएनए रक्तातून दिसेनासं होतं. मग डेल्टा का मरत नाही? कारण या गोळ्या बीच्या डीएनएची नक्कल थांबवतात, आवरणाचं उत्पादन थांबवत नाहीत. बीचं मूळ डीएनए पेशीच्या केंद्रकात तग धरून असतं, त्याचे काही तुकडे माणसाच्या स्वतःच्या डीएनएतही रुतून बसलेले असतात, आणि तिथून आवरणाचं प्रथिन बनत राहतं. डेल्टाला तेवढंच पुरतं. बीचा रिपोर्ट उत्तम आणि एसजीपीटी मात्र चढलेलं, अशा रुग्णात डेल्टा शोधायला हवा तो याच कारणाने.

पूर्वी हातात फक्त इंटरफेरॉन होतं: आठवड्याला एक इंजेक्शन, ४८ आठवडे, अंगदुखी आणि ताप सोसत. त्यानेही साधारण चौघांपैकी एकातच डेल्टा दबतो, आणि त्यांतल्या काहींत पुन्हा डोकं वर काढतो. २०२० साली युरोपने ब्युलेव्हिरटाइड या औषधाला परवानगी दिली. यकृताच्या पेशीवर पित्तातले क्षार आत घेणारं एक प्रथिन असतं, आणि बी आणि डेल्टा दोघेही त्याच दारातून आत शिरतात. हे औषध ते दार अडवतं. अंगरखा दोघांचा एकच असल्यामुळे दारही एकच, आणि ते अडलं की दोघेही अडतात. रोज कातडीखाली इंजेक्शन घ्यावं लागतं, आणि थांबवल्यावर विषाणू परतू शकतो, म्हणून याला अजून बरं करणारं औषध म्हणता येत नाही.

बीची लस डेल्टापासूनही वाचवते, पण फक्त ज्याला बी झालेला नाही त्याला. बाळाला जन्मल्यावर लगेच दिला जाणारा डोस दोन्ही आजारांचा रस्ता बंद करतो. जो आधीच वाहक आहे, त्याला या लसीचा काहीही उपयोग नाही. डेल्टा प्रामुख्याने रक्तातून पसरतो, म्हणून सुया, वस्तरे, टोचणारी कुठलीही वस्तू कोणाबरोबर वाटून घ्यायची नाही, लैंगिक संबंधात कंडोम वापरायचा, एवढंच त्याच्या हातात उरतं. अशा प्रत्येक वाहकाची डेल्टाविरोधी अँटिबॉडी निदान एकदा तपासावी, असं यकृततज्ज्ञ आता सांगतात. ती आज निगेटिव्ह आली, तरी पुढे एसजीपीटी विनाकारण चढलं की तीच तपासणी पुन्हा करायची, कारण सुपरइन्फेक्शन त्यानंतर कधीही होऊ शकतं.