पोटातील पाणी काढल्यावर अल्ब्युमिन कशासाठी?

खास प्रतिनिधी

यकृताच्या सिरोसिसने आजारी असलेल्या रुग्णाचे पोट एखाद्या नगाऱ्यासारखे ताणले जाते. त्याला उताणे झोपता येत नाही. चार घास खाल्ले, तरी पोट भरल्यासारखे वाटते आणि जिना चढताना धाप लागते. डॉक्टर पोटातील पाणी काढण्याचा सल्ला देतात आणि त्याच कागदावर अल्ब्युमिनच्या तीन बाटल्याही लिहून देतात. एकेका बाटलीसाठी काही हजार रुपये मोजताना नातेवाइकांना साहजिकच प्रश्न पडतो. पाणी शरीराबाहेर काढायचे आहे, मग शिरेतून पुन्हा काहीतरी आत का सोडायचे? आणि ते परत भरणारच असेल, तर काढून उपयोग काय?

या प्रश्नांची उत्तरे पाणी साचण्याच्या कारणातच दडलेली आहेत. सिरोसिसमध्ये यकृत निबर होते आणि आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या रक्ताची वाट अडते. मागे दाब वाढतो, पोटातील रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्ताचा मोठा हिस्सा त्यांतच रेंगाळतो. बाकीच्या धमन्यांमध्ये रक्त कमी पडते. मूत्रपिंडाला वाटते, की शरीरातील पाणीच आटले आहे. म्हणून ते मीठ व पाणी रोखून धरते. हे रोखलेले पाणी दाबामुळे पोटाच्या पोकळीत झिरपते. यालाच आपण जलोदर म्हणतो. थोडक्यात, पोट पाण्याने भरलेले असते, पण धमन्या मात्र तहानलेल्या असतात.

<b>किती पाणी काढतात?</b>

उदाहरणादाखल ७० किलो वजनाचा एक रुग्ण घेऊ. त्याच्या पोटातून ८ लिटर पाणी काढायचे आहे. सोनोग्राफीने जागा निश्चित करून, बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला खाली, भूल देऊन सुई किंवा बारीक नळी घालतात. पाणी आपल्याच दाबाने बाहेर येते व काही तासांत काम आटोपते. सिरोसिसच्या रुग्णाचे रक्त उशिरा गोठते, म्हणून नातेवाईक धास्तावतात. परंतु या प्रक्रियेत मोठा रक्तस्राव क्वचितच होतो. केवळ त्या भीतीपोटी आधी प्लाझ्मा वा प्लेटलेट चढविण्याची सहसा गरज नसते.

काढलेल्या पाण्याचा थोडा नमुना तपासणीला पाठविणे मात्र कधीही टाळू नये. त्यात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी दर घनमिलिमीटरला २५० किंवा त्याहून अधिक आढळल्या, तर पाण्यात जंतुसंसर्ग झाल्याचे समजून तातडीने प्रतिजैविके सुरू करावी लागतात. हा संसर्ग कधी कधी ताप किंवा पोटदुखीशिवायही असतो.

एका वेळी ५ लिटरपेक्षा अधिक पाणी काढले, की त्याला मोठे निष्कासन मानतात. ८ लिटरच्या पुढे धोका वाढत जातो. त्यामुळे पोट पूर्ण रिकामे करण्याचा आग्रह न धरता शक्यतो तेथेच थांबावे, असे तज्ज्ञ सांगतात.

<b>रिकाम्या धमन्यांना आधार</b>

आठ लिटर पाणी निघताच रुग्णाला हायसे वाटते. धोका सुरू होतो तो नंतर. पोटातील दाब अचानक उतरतो, आधीच सैल असलेल्या रक्तवाहिन्या आणखी सैलावतात आणि धमन्यांतील उणीव वाढते. मूत्रपिंड मग अधिकच जोराने मीठ-पाणी धरून ठेवते. हा बदल साधारण सहाव्या दिवसापर्यंत वाढत जातो. बाहेरून काहीच जाणवत नाही, पण पाणी लवकर भरते, रक्तातील सोडियम घसरते आणि काही रुग्णांची मूत्रपिंडे निकामी होतात.

अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन पाणी धरून ठेवते आणि रक्तवाहिन्या भरलेल्या राहतात. बार्सिलोना येथील डॉक्टरांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाणी काढल्यावर अल्ब्युमिन न दिलेल्या रुग्णांमध्ये मूत्रपिंडाचे बिघाड आणि सोडियमची घसरण स्पष्टपणे अधिक दिसली. काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम, हे प्रमाण आता रूढ आहे. आपल्या रुग्णाला ८ लिटरसाठी ४८ ते ६४ ग्रॅम लागेल. वीस टक्के अल्ब्युमिनच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत २० ग्रॅम असते. म्हणून तीन बाटल्या. हे काम अंड्याचा पांढरा भाग किंवा प्रथिनांची पावडर करू शकत नाही, कारण येथे अल्ब्युमिन पोषणासाठी नव्हे, तर रक्तवाहिन्या भरलेल्या ठेवण्यासाठी दिले जाते.

पाच लिटरपेक्षा कमी पाणी काढल्यास धोका कमी असतो व अनेक डॉक्टर अल्ब्युमिन अनिवार्य मानत नाहीत. युरोपीय तज्ज्ञ मात्र तेव्हाही ते द्यावे असे म्हणतात. यकृत एकाएकी ढासळलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. पाच लिटरहून कमी पाणी काढूनही त्यांचे रक्ताभिसरण बिघडते, असे दिल्लीतील यकृत संस्थेच्या २०२० सालच्या अभ्यासात दिसले.

<b>पाणी परत कधी भरते?</b>

याचे उत्तर बरेचसे मिठाच्या हिशेबात आहे. पोटातील एक लिटर पाण्यात सुमारे साडेसात ग्रॅम मीठ असते. म्हणजे ८ लिटरबरोबर जवळपास ६० ग्रॅम मीठ बाहेर गेले. आता समजा, या रुग्णाच्या लघवीतून मीठ जवळजवळ जातच नाही. घाम व शौचातून जेमतेम अर्धा ग्रॅम जाते. त्याने दिवसाला ५ ग्रॅम मीठ खाल्ले, तर साडेचार ग्रॅम साठेल आणि ८ लिटर पाणी साधारण दोन आठवड्यांत भरेल. पापड, लोणचे, फरसाण धरून १० ग्रॅम खाल्ले, तर सहा-सात दिवसच पुरतील. सैंधवही मीठच आहे. आणि पोटॅशियमयुक्त 'कमी सोडियम' मीठ स्पायरोनोलॅक्टोनबरोबर धोकादायक ठरू शकते.

लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी औषधे लागू पडत असतील, तर हा काळ कितीतरी लांबतो. ती उपलब्ध नव्हती, तेव्हा काय होई, याचे उदाहरण संगीतकार बीथोव्हनचे आहे. व्हिएन्नात २० डिसेंबर १८२६ रोजी त्याच्या पोटातील पाणी प्रथम काढले. त्यानंतर ८ जानेवारी, २ फेब्रुवारी आणि २७ फेब्रुवारी १८२७ रोजी पुन्हा काढावे लागले. २६ मार्चला त्याचा मृत्यू झाला.

घरी लक्ष ठेवण्याचे सर्वांत सोपे साधन वजनकाटा. पाणी काढल्यावर आपल्या रुग्णाचे वजन ६२ किलो झाले आणि आठवड्याने ते ६६ भरले, तर सुमारे ४ लिटर पाणी परत आले आहे. त्याच सुमारास रक्तातील क्रिएटिनिन व सोडियम तपासून घ्यावे. लघवी कमी होणे, ताप, पोटदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काही दिसल्यास तपासणीच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. त्या मूत्रपिंडाचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी करतात.

मीठ कमी करून व औषधे घेऊनही दर दोन-तीन आठवड्यांनी पाणी काढावे लागत असेल, तर तो यकृताचा इशारा समजावा. पाणी काढल्याने श्वास मोकळा होतो, यकृत सुधारत नाही. अशा वेळी यकृतातील दाब कमी करणारी 'टिप्स' ही कृत्रिम वाट किंवा यकृत प्रत्यारोपण आपल्या रुग्णाला शक्य आहे काय, हे पुढच्या वेळी पाणी काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावे.