दोरी कापा, म्हणजे कळेल

‘कट द रोप’ हा मोबाइल गेम 2010 साली आला. त्याच्या पहिल्या पातळीवर एक गोळी एकाच दोरीला लटकलेली असते आणि बरोबर खाली ओम नोम नावाचा हिरवा प्राणी बसलेला असतो. दोरीवरून बोट फिरवलं की ती तुटते, गोळी थेट त्याच्या तोंडात पडते. चुकायला जागाच नाही. नियमांचं पान इथे कशाला हवं? तसंही ते वाचतो कोण!

अवघड भाग वेगळाच आहे. नवखा माणूस दोरीवर नुसतं टिचकी मारतो, कारण फोनने त्याला बटण दाबायचीच सवय लावलेली असते. दोरीकडे बोट दाखवणारं स्थिर चित्र ही चूक वाढवतं, कारण त्यातून जागा कळते, हालचाल कळत नाही. म्हणून दोरीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकणारा हात दाखवावा, तोही खेळाडू दोन-तीन सेकंद थबकला तरच. बोट टेकताच तो नाहीसा व्हावा. खूण बोटाखाली झाकली जाणार नाही, एवढंही पाहावं.

हे जमलं का, ते तपासायला खेळ कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हाती फोन द्यावा आणि शेजारी गप्प बसावं. हेच सर्वांत कठीण. त्याने टिचक्या मारल्या, तर हाताची चाल बदलायची. दोन-तीन दोऱ्या, कोणती आधी कापायची हा पेच, ते सगळं पुढच्या पातळ्यांसाठी.