श्रावणात मटण मसाला कोण घेतं?

कोल्हापूरकडचा मटण मसाल्याचा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. कारखाना काल्पनिक आहे आणि पुढे येणारे त्याचे आकडेही मीच बसवलेले आहेत. पण त्याच्या अडचणी मात्र अस्सल आहेत. मराठी वाहिन्यांवर त्याची जाहिरात लागते, पेपरात येते, यूट्यूबवर दिसते आणि एसटी स्टँडासमोर मोठं होर्डिंग आहे. मालकांचा प्रश्न एकच आहे : यातल्या कुठल्या पैशानं पुडी खपते?

उत्तर द्यायला कोणी नाही. जाहिरात पाहिली घरातल्या टीव्हीवर, पुडी घेतली गल्लीतल्या किराणा दुकानातून, तीही रोखीनं किंवा उधारीच्या वहीवर. दुकानदार काही ‘काकू, जाहिरात कुठं बघितलीत?’ असं विचारत नाही.

ऑनलाइन विकणाऱ्यांना बरीच वर्षं ही चिंता नव्हती. कोणी कुठली जाहिरात दाबली आणि नंतर काय विकत घेतलं, हे ब्राउझरमधल्या कुकीज आणि फोनचा जाहिरात-क्रमांक यांच्यावरून माणसागणिक कळायचं. मग सफारी आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी परक्या कुकीज अडवायला सुरुवात केली. युरोपात २०१८ साली खासगी माहितीचा कडक कायदा लागू झाला. एप्रिल २०२१मध्ये ॲपलनं आयफोनवर प्रत्येक ॲपला ‘तुमचा माग काढू का?’ असं विचारायला लावलं आणि पुष्कळांनी ‘नको’ म्हटलं. थोडक्यात, ऑनलाइनवालेही आता मसालेवाल्याच्या रांगेत येऊन उभे राहिलेत.

या रांगेतल्यांसाठी जुनी रीत आहे : मीडिया मिक्स मॉडेलिंग. साबण-तेल विकणाऱ्या कंपन्या ती कित्येक दशकं वापरत आल्या आहेत. तिला कोणा एका माणसाचं नाव, फोन, ईमेल काही लागत नाही. दर आठवड्याला किती माल खपला, त्या आठवड्यात कुठं किती जाहिरात होती आणि खपावर परिणाम करणाऱ्या बाकीच्या गोष्टी काय होत्या, एवढंच ती विचारते. मग कशाच्या चढउताराबरोबर खप किती हलतो, हे संख्याशास्त्रानं शोधते.

त्यात दोन गोष्टी जाहिरातीच्या स्वभावातून आल्या आहेत. पहिली म्हणजे, जाहिरात थांबली तरी तिचा परिणाम लगेच थांबत नाही. गॅस बंद केला तरी तवा काही वेळ तापलेलाच राहतो, तसं. ब्रिटनमधल्या सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९मध्ये याला ‘ॲडस्टॉक’ हे नाव दिलं. समजा दर आठवड्याला निम्मी धग उरते. आठवड्याला १२० रेटिंग पॉइंट एवढी टीव्ही जाहिरात सतत चालू असेल, तर साठत साठत ती धग २४०वर स्थिरावते. जाहिरात बंद केली की ती पहिल्या आठवड्यात १२०, मग ६०, ३० आणि चौथ्या आठवड्यात १५वर येते. धग नेमकी किती टिकते, हे आधी ठाऊक नसतं. तेही आकड्यांमधूनच काढायचं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पुनरुक्तीचा कंटाळा. आठवड्यातले पहिले पाच लाख जेवढा खप वाढवतात, तेवढा पुढचे पाच लाख वाढवत नाहीत, कारण तीच जाहिरात त्याच बाईला नवव्यांदा दिसत असते. म्हणून ‘टीव्हीनं रुपयामागं किती दिलं’ हा सरासरीचा आकडा फसवा ठरतो. मालकांना हवा असतो यापुढच्या रुपयाचा हिशेब.

इथवरचं गणित आज फुकट मिळतं. मेटाचं ‘रॉबिन’ आणि गूगलनं जानेवारी २०२५मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं ‘मेरिडियन’ कोणीही उतरवून घेऊ शकतो. (जाहिरातीची जागा विकणाऱ्यांनीच तराजूही वाटावा, यातली गंमत लक्षात ठेवलेली बरी.) खरं काम आकड्यांच्या तक्त्यात आहे.

तक्त्याची पहिली मागणी खपाच्या आकड्यांची. अकाउंट्स विभाग पटकन देतो तो प्रायमरी सेल, म्हणजे कारखान्यानं डिस्ट्रिब्युटरला पाठवलेला माल. त्यात दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सुळका दिसतो. हा सुळका गिऱ्हाइकांचा नसतो, टार्गेट गाठायला सेल्सवाल्यांनी डिस्ट्रिब्युटरच्या गोडाउनात ढकललेल्या मालाचा असतो. त्याच आठवड्यात योगायोगानं जाहिरात असेल तर सगळं श्रेय तिला जातं. त्यामुळे निदान सेकंडरी सेल, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल, तरी मिळवायला हवा. तोही किलोत मोजावा. मिरची महागली की दहा रुपयांची पुडी दहाचीच राहते, आतला मसाला कमी होतो. पुड्या मोजल्या तर ही भाववाढ तक्त्यात दिसणारच नाही.

जाहिरातीचे आकडे आणखी घोटाळ्याचे. ऑगस्टमध्ये लागलेल्या जाहिरातीचं बिल ऑक्टोबरमध्ये येतं, आणि खतावणीत तारीख पडते ती बिलाची. त्या तारखेनं तक्ता भरला तर खप आधी आणि जाहिरात नंतर, असा उलटा प्रवाह दिसतो. म्हणून जाहिरात प्रत्यक्ष दिसली तो दिवस हवा, आणि शक्य तिथं रुपयांऐवजी ती किती दिसली हे हवं : टीव्हीचे रेटिंग पॉइंट, पेपरातली जागा, यूट्यूबवर किती वेळा झळकली. सणासुदीला दर चढतात; तेवढ्याच रुपयांत जाहिरात कमी वेळा लागते. शिवाय टीव्हीच्या मोजणीचा आठवडा शनिवारी सुरू होतो, कारखान्याचा सोमवारी. प्रत्येकाकडून दिवसवार आकडे मागावेत आणि आठवडे आपण बांधावेत, हे सोयीचं.

आता श्रावण. आपल्या कारखान्यात एरवी आठवड्याला ३० टन मसाला खपतो, श्रावणात १८. मालक शहाणे आहेत. श्रावणात मटण मसाल्याची जाहिरात कशाला, म्हणून त्या चार आठवड्यांत टीव्ही बंद. तीन वर्षांचा, म्हणजे १५६ आठवड्यांचा तक्ता मॉडेलला दिला आणि श्रावणाचं सांगायला विसरलो, तर त्याला एवढंच दिसतं की टीव्ही असला की ३० टन, नसला की १८. निकाल येतो : टीव्हीमुळे आठवड्याला १२ टन! मालक खूश, वाहिनीचा विक्री प्रतिनिधी त्याहून खूश.

बरं, श्रावणाचा रकाना घालू. तो इंग्रजी महिन्यानं घालून चालत नाही. गटारीची अमावास्या २०२२मध्ये २८ जुलैला होती, २०२४मध्ये ४ ऑगस्टला. २०२३मध्ये ती १७ जुलैला आली, पण त्यानंतर अधिक श्रावण आणि मग निज श्रावण. काही घरांनी दोन्ही पाळले, काहींनी एकच. ‘वर्षाचा बत्तिसावा आठवडा’ ही विलायती सोय इथं उपयोगाची नाही. पंचांग उघडून रकाना भरावा लागतो, आणि त्या वर्षीचे दोन श्रावण वेगळे धरावे लागतात.

एवढं करूनही गाठ सुटत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येतली कळीची जागा हीच आहे. श्रावण आला की टीव्ही बंद, संपला की चालू : दोन रकाने एकमेकांच्या उलट, पण बरोबरीनं हलतात. १२ टनांची घट श्रावणाची की टीव्हीची, हे त्या तक्त्यात लिहिलेलंच नाही. मॉडेल प्रामाणिक असेल तर टीव्हीचा वाटा ‘शून्य ते १२ टनांच्या मधे कुठंतरी’ असं म्हणेल. प्रामाणिक नसेल तर मधला एखादा आकडा दशांशासकट देईल. शेवटचे बारा आठवडे झाकून ठेवून त्यांचं भाकीत करून घ्यायची चाचणी सगळेच करतात. तिच्यात दोन्ही मॉडेलं उत्तम गुणांनी पास होतील, कारण श्रावण कळला की खपाचं भाकीत जमतं, मग श्रेय कुणालाही दिलेलं असो. म्हणून मॉडेल आणणाऱ्याला ‘किती टक्के जुळलं’ यापेक्षा ‘हा आकडा कुठपासून कुठपर्यंत असू शकतो’ हे विचारावं. आणि तितकंच जुळणारं पण वेगळं श्रेय देणारं दुसरं मॉडेल निघतं का, तेही.

गाठ सोडवायची तर जाहिरात मुद्दाम अवेळी चालू-बंद करावी लागते. ईबेनं २०१२मध्ये तेच केलं. ‘ईबे’ हा शब्द शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या आपल्याच जाहिराती त्यांनी अमेरिकेत याहू आणि एमएसएनवर थांबवल्या. जवळजवळ सगळे लोक शोधाच्या निकालातल्या खालच्या, फुकटच्या दुव्यावरून तरीही आलेच. मग इतर शब्दांवरच्या गूगल जाहिराती अमेरिकेच्या सुमारे ३० टक्के भागांत बंद ठेवून पाहिल्या. विक्रीतला फरक इतका बारीक निघाला की तो शून्याहून वेगळा म्हणता येईना. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या अभ्यासकांनी ते सगळं पुढं प्रसिद्ध केलं. ईबे सगळ्यांच्या माहितीतलं होतं, हे अर्थात विसरायचं नाही. नव्या गिऱ्हाइकांवर त्याच जाहिरातींचा परिणाम दिसला होता.

आपल्या मसालेवाल्याला हे जसंच्या तसं जमत नाही. मराठी वाहिनी उपग्रहावरून साऱ्या महाराष्ट्रात दिसते, ती एकट्या नागपुरात बंद करता येत नाही. पेपराच्या जिल्हा आवृत्त्या आणि यूट्यूब मात्र भागवार कमी-जास्त करता येतात. म्हणून तक्ता आठ विभागांचा करायचा. १५६ ओळींच्या जागी १२४८ मिळतात. त्या सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, तरी कोल्हापुरात पेपर आणि नाशकात नाही, असा फरक तिथं वाचता येतो. टीव्हीसाठी मात्र फरक वेळेतच घालायला हवा : जानेवारीपासून, सणवार आड येत नाहीत अशा काळात, चार आठवडे चालू आणि चार बंद. चारच का? धग निम्म्यानं उतरत असेल तर चौथ्या आठवड्यात तिचा सोळावा हिस्सा उरतो, आणि बिनजाहिरातीचा खप दिसू लागतो. दोनच आठवडे बंद ठेवलं, तर तवा तापलेला असताना आच मोजल्यासारखं होईल.

आपल्या कारखान्यात समजा यातून टीव्हीचा वाटा २ ते ४.५ टनांच्या दरम्यान निघाला. बारावरून इथं येणं मालकांना आवडणार नाही. त्यांची एक हरकत मात्र रास्त असेल : ‘वीस वर्षं जाहिरात केली म्हणून तर लोक नाव घेऊन पुडी मागतात, ते कुठं धरलंत?’ ते कुठंच धरलेलं नाही. जाहिरात थांबली तरी जो खप होत राहतो, त्यात ती वीस वर्षं मुरलेली असतात, आणि तीन वर्षांच्या तक्त्याला इतकी सावकाश उतरणारी धग दिसत नाही. टीव्ही वर्षभर बंद ठेवला तर काय होईल, याचं उत्तर त्या चार आठवड्यांतून काढू नये.

राहिला श्रावण. त्या काळात टीव्ही कधी चालूच नव्हता, तेव्हा तो लावला तर काय होईल याबद्दल तक्ता गप्प आहे. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे गटारी लांबून १२ ऑगस्टला येते. मालकांनी ठरवलंच, तर त्या श्रावणाचे पहिले दोन आठवडे जाहिरात चालू ठेवून पाहता येईल. त्या पैशातून मसाला फारसा खपणार नाही. तो खर्च जाहिरातीच्या नव्हे, माहितीच्या खात्यावर लिहावा.