फोटोतला तिसरा माणूस

‘तुमच्या वस्तीत पाण्याची अडचण आहे का?’ असं विचारलं की बहुतेक जण ‘आहे की’ म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. त्याच माणसाला सांगून पाहा, की आठवडाभरात वस्तीचे वीसेक फोटो काढा, मग आपण निवांत बसून बोलू. तो नळाचा फोटो काढतो, रांगेत लावलेल्या हंड्यांचा काढतो. फोटो समोर आले की सांगू लागतो, हा निळा ड्रम कुणाचा, तो रात्रीच का आणून ठेवावा लागतो आणि त्यावरून मागच्या उन्हाळ्यात कोण कुणाशी भांडलं. फोटो समोर ठेवून घेतलेल्या अशा मुलाखतीला समाजशास्त्रात ‘फोटो-एलिसिटेशन’ म्हणतात. फोटो हे बोलण्याचं निमित्त. संशोधकाला हवं असतं ते बोलणं.

या पद्धतीची पहिली नीट नोंद १९५७ सालची आहे. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या प्रांतांत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा एक गट लोकांच्या मानसिक ताणाचा अभ्यास करत होता. त्यासाठी घरांची प्रत ठरवायची होती, पण कुठलं घर कुठल्या वर्गात घालायचं यावर संशोधकांचंच एकमत होईना. गटात जॉन कोलियर नावाचे छायाचित्रकार होते. त्यांनी फोटो लोकांपुढे ठेवून मुलाखती घ्यायचं सुचवलं आणि फोटोंसह व फोटोंशिवाय झालेल्या मुलाखती ताडून पाहिल्या. फोटो नसताना बोलणं सैल आणि भरकटणारं होई. फोटो समोर असला की लोक नेमकं, बारकाईनं बोलत. एकाच घरी पुन्हापुन्हा गेल्यावर मुलाखतीचा जो कंटाळा येतो, तोही फोटोंमुळे कमी झाला.

तेव्हा कॅमेरा संशोधकाच्या हातात होता. तो लोकांच्या हाती देण्याचा गाजलेला प्रयोग झाला १९९०च्या दशकात, चीनच्या युन्नान प्रांतात. कॅरोलाइन वांग आणि मेरी अॅन बरिस यांनी ६२ ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे दिले आणि रोजचं जगणं टिपायला सांगितलं. त्यांतला एक फोटो पुढे फार चर्चिला गेला. एक बाई मक्याच्या शेतात खुरपतेय आणि बांधाशी तिचं तान्हं बाळ एकटंच पडलंय. बाहेरच्याला ते कदाचित खेड्यातलं साधंसं दृश्य वाटलं असतं. त्या बायकांना मात्र त्यात जवळजवळ प्रत्येक घराची गोष्ट दिसली, आणि त्या एका फोटोवरून बोलणं कामाच्या ओझ्यापर्यंत आणि मुलं सांभाळायला कुणी नसण्यापर्यंत गेलं. या प्रयोगातून पाळणाघरं, सुईणींसाठीचा कार्यक्रम आणि मुलींसाठी शिष्यवृत्त्या अशा गोष्टी पुढे आल्या. या प्रकाराला ‘फोटोव्हॉइस’ हे नाव पडलं.

काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. काढलेल्या फोटोंतून तीन-चार फोटो सहभागी व्यक्तीनंच निवडायचे. संशोधकानं निवडले तर त्याला आवडणारे, म्हणजे बहुधा ‘दारिद्र्य दाखवणारे’, फोटो वर येतात. मग प्रत्येक फोटोवर पाच प्रश्न: यात काय दिसतंय, खरोखर काय चाललंय, याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध, हे असं का आहे, आणि याबद्दल काय करता येईल. पहिल्या दोन प्रश्नांमधलं अंतर महत्त्वाचं. दिसतो रिकामा कट्टा. चाललेलं असं असतं की संध्याकाळी सातनंतर तिथे बायका बसत नाहीत. अनुभवी संशोधक याला आणखी एक प्रश्न जोडतात: काढावासा वाटला पण काढला नाही, असा फोटो कुठला? माझ्या मते सगळ्या मुलाखतीत सर्वांत जास्त हाती लागतं ते याच उत्तरातून. सावकाराचं दार, दारूचा अड्डा, सासूची खोली यांचे फोटो सहसा येत नाहीत, आणि ते का आले नाहीत हीही माहितीच असते.

एवढ्यावर थांबलं तर पद्धत निर्धोक वाटेल. पण कॅमेरा वस्तीतल्या माणसाच्या हाती गेला की एक तिसरा माणूस आत येतो. संशोधकानं नियम मान्य केलेले असतात, फोटो काढणाऱ्यानं संमतीपत्रावर सही केलेली असते. फोटोत जो सापडला, त्याला मात्र कुणी काही विचारलेलंच नसतं.

हा पेच अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात नीट मांडला गेला. मोटारींचे कारखाने बंद होत गेल्यानं खंगलेल्या या शहरात ४१ तरुण आणि प्रौढांनी आपल्या परिसराचे फोटो काढले. धोरण ठरवणारी मंडळीही त्यांत होती. त्या अनुभवावरून वांग आणि यानिक रेडवुड-जोन्स यांनी २००१ मध्ये लिहिलेला लेख आजही या विषयातला पाया मानला जातो. फोटोमुळे खासगीपण चार तऱ्हांनी मोडतं, असं त्यांनी अमेरिकी कायद्याच्या आधारे दाखवलं. एखाद्याच्या खासगी जागेत घुसणं, लाजिरवाणी गोष्ट उघड करणं, चुकीच्या प्रकाशात दाखवणं आणि कमाईसाठी चेहरा वापरणं. तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. भरदुपारी ओट्यावर लवंडलेल्या माणसाच्या फोटोखाली ‘बेरोजगारी’ असं लिहिलं, आणि तो रात्रपाळी करून आलेला असला, तर फोटो खरा आणि मजकूर खोटा.

त्यावर त्यांनी संमतीचे तीन वेगवेगळे टप्पे सुचवले. फोटो काढणाऱ्याची प्रकल्पात येण्याची संमती, फोटोत येणाऱ्याची फोटो निघण्याआधीची संमती, आणि फोटो बाहेर दाखवण्याची किंवा छापण्याची स्वतंत्र संमती. कॅमेरे वाटण्याआधीच सगळ्यांनी बसून बोलायचं, की अनोळखी माणसाला फोटोसाठी कसं विचारायचं, न सांगता फोटो काढावा का, आपला स्वतःचा फोटो आपल्याला केव्हा नको असतो. विचारल्यावर माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो, सहजपणा जातो. हे नुकसान त्यांनी मान्य केलं आणि तरीही विचारायचंच असं ठरवलं. ज्याचा फोटो काढला त्याला त्याची प्रत द्यायची, हाही त्यांच्या रीतीचा भाग होता.

हे आपल्याकडे कसं घडेल ते एका कल्पित उदाहरणानं पाहू. समजा, सोलापुरातल्या एका वस्तीत विडी वळणाऱ्या बाईला असा कॅमेरा मिळाला. तिनं शेजारणीचा फोटो काढला. दारात शेजारीण मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय, बाजूला तिची दहा वर्षांची मुलगी वळलेल्या विड्यांची तोंडं बंद करतेय. शेजारीण ‘काढ की’ म्हणाली होती. मुलाखतीत या फोटोवरून भरपूर निघालं. हजार विड्यांना मिळणारी मजुरी, खराब म्हणून बाजूला काढलेल्या पण पैसे न मिळालेल्या विड्या, शाळा सुटल्यावर मुलीचा जाणारा वेळ. अभ्यासाच्या दृष्टीनं सोन्यासारखा फोटो.

आता तो महापालिकेच्या सभागृहातल्या प्रदर्शनात लावायचा का? तिथे नगरसेवक येणार, वार्ताहर येणार, कदाचित विड्या मोजून घेणारा कंपनीचा माणूसही येणार. फोटोत मूल काम करताना दिसतंय, त्यामुळे चौकशी झाली तर आईची होईल. पान-तंबाखू मिळणं बंद झालं तर घर बसेल. ‘काढ की’ ही मैत्रिणीला दिलेली परवानगी होती, सभागृहाला दिलेली नव्हती. चेहरे पुसले तरी दाराचा रंग, बाहेरचं तुळशीवृंदावन, वाळत घातलेली साडी एवढ्यावरून अख्खी गल्ली घर ओळखेल. बाहेरच्यांपासून ओळख लपते. ज्यांच्यापासून लपायला हवी त्यांच्यापासून लपत नाही. शिवाय संशोधक निघून गेल्यावर ‘तूच आम्हाला दाखवलंस’ हे ऐकायला ती बाईच तिथे उरणार.

यातून वाट निघते. फोटो मुलाखतीपुरता वापरायचा, संशोधकानं त्याची प्रत ठेवायची नाही, आणि बोलणं मात्र ओळखीचे तपशील बदलून लिहायचं. प्रदर्शनासाठी नुसत्या सुपाचा आणि विड्यांच्या कट्ट्यांचा फोटो वेगळा काढता येतो. शेजारणीचाच फोटो लावायचा असेल तर छापलेली प्रत आणि तिच्याखालचा मजकूर तिला वाचून दाखवायचा, कुठे लागणार आणि कोण बघणार ते सांगायचं, विचार करायला चार दिवस द्यायचे आणि मग विचारायचं. मुलीच्या बाबतीत आईचा होकार पुरत नाही. मुलीलाही विचारायचं, आणि ती ‘नको’ म्हणाली तर विषय संपला. माझं मत विचाराल तर हा फोटो दोघींनी हो म्हटलं तरी लावू नये.

चेहरा धूसर करणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय, पण तो वाटतो तितका भक्कम नाही. धूसर केलेले किंवा चौकोनी ठिपक्यांत मोडलेले चेहरेही संगणकाला शिकवून बऱ्याचदा ओळखता येतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्येच दाखवलं. त्यापेक्षा तो भाग कापून टाकणं किंवा एकाच रंगानं पूर्ण भरून टाकणं बरं. दुसरी अडचण अशी, की डोळ्यांवर पट्टी असलेला फोटो आपल्याकडे वर्तमानपत्रात आरोपीचा असतो. आपल्या भजनी मंडळाचा फोटो कौतुकानं काढणाऱ्या माणसाला सगळ्यांचे चेहरे पुसलेले दिसले तर तो चिडेल, आणि त्याचं चिडणं रास्त आहे. काहींना आपलं नाव आणि चेहरा हवाच असतो. म्हणून सरसकट पुसण्यापेक्षा आधीच काम असं द्यावं, की चेहऱ्यांची गरज कमी पडेल: जागा टिपा, वस्तू टिपा, हात, पाठमोरी माणसं, सावल्या टिपा. यालाही किंमत आहेच. असे फोटो एकत्र पाहिले तर गजबजलेली वस्ती ओसाड वाटते, आणि मग ती माणसं मुलाखतीतल्या शब्दांतूनच परत आणावी लागतात.

मोबाइलनं आणखी एक भोक पाडलंय. लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे आणि केव्हा काढला हेही नोंदलं जातं. चेहरा नसलेला दाराचा फोटोसुद्धा मग नकाशावर घर दाखवतो. म्हणून फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करायचं आणि जमवलेल्या फाइलींमधली ही नोंद पुसायची. सगळ्यांचे फोटो एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवणं हा तर सोयीच्या नावाखाली केलेला निष्काळजीपणा. तिथून पुढे फोटो कुठे जाईल यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं. पण गल्लीत फोटो निघतो तेव्हा न्यायालय तिथे उभं नसतं, फोटो काढणाऱ्यानं काय शिकून घेतलं तेच असतं. उद्या तुमच्या वाडीत किंवा सोसायटीत असा प्रकल्प आला तर जरूर भाग घ्या. फक्त आधी विचारा, की फोटो कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, आणि पुढे माझं मन बदललं तर कुणाला फोन करायचा. हाती दिलेल्या कागदावर ‘फोटो वापरण्यास परवानगी’ एवढी एकच ओळ असेल, तर सही करू नका.