चालत्या सौद्यात भर घालताना

पडणाऱ्या शेअरमध्ये आणखी पैसे ओतून ‘ॲव्हरेज’ करायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. वर जाणाऱ्या शेअरमध्ये भर घालायची म्हटली की मात्र हात आखडतो. ‘एवढा महाग झाल्यावर कशाला?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर दोन गोष्टींत आहे: प्रत्येक भर आधीपेक्षा लहान हवी, आणि प्रत्येक भरीबरोबर सगळ्या मालाचा स्टॉपलॉस वर सरकायला हवा. या पद्धतीला पिरॅमिडिंग म्हणतात. खालचा थर सर्वांत रुंद, वरचे थर अरुंद होत जाणारे.

एक काल्पनिक सौदा घेऊ. भांडवल पाच लाख, आणि एका सौद्यात जास्तीत जास्त एक टक्का, म्हणजे 5,000 रुपये गमवायची तयारी. शेअर 500 रुपयांना आहे आणि चार्टवर आधार 475 च्या जरा वर दिसतो, म्हणून स्टॉपलॉस 475 ला. शेअरमागे जोखीम 25 रुपये, म्हणून घ्यायचे 200 शेअर.

भाव वर जातो, थोडा मागे येतो, 505 च्या जरा वर टेकू घेतो आणि पुन्हा उसळून 530 ला पोचतो. आता 100 शेअर आणखी घ्यायचे आणि सगळ्या 300 शेअरांचा स्टॉपलॉस 505 ला आणायचा. तिथे बाहेर पडावं लागलं तर जुन्या 200 वर हजार रुपये मिळतील, नव्या 100 वर अडीच हजार जातील. निव्वळ तोटा 1,500. माल वाढला, पण जोखीम पाच हजारांवरून दीड हजारावर आली.

पुन्हा तसंच घडतं: भाव 535 च्या वर टेकू घेऊन 560 ला जातो. आता फक्त 50 शेअर, आणि सगळ्या 350 चा स्टॉपलॉस 535 ला. एकूण खरेदीची सरासरी 517 रुपयांच्या आसपास पडते. 535 ला बाहेर पडलो तरी खर्च वगळण्यापूर्वी 6,250 रुपये हाती राहतात.

आता हाच सौदा उलट्या क्रमाने करून पाहा. आधी 200, मग उत्साहात 300, मग 400. सरासरी चढते 536 च्या पुढे, आणि त्याच 535 च्या स्टॉपलॉसवर दीड हजाराचा तोटा होतो. शेअरने साठ रुपयांची चाल दिली, अंदाज बरोबर ठरला, तरी पैसे गेले. शेअर न थांबता 620 ला गेला असता तर या माणसाला जास्त मिळालं असतं, हे खरं. पण चांगल्या तेजीतही भाव अधूनमधून मागे येतोच, आणि वर जड झालेला सौदा तेवढा धक्काही सोसत नाही.

लहान भरसुद्धा फुकट नसते. नुसते 200 शेअर ठेवून स्टॉपलॉस 535 ला आणला असता तर 7,000 सुटले असते. म्हणजे शेवटी साडेसातशे रुपये कमी मिळाले. पण भाव 620 ला गेला तर 24,000 ऐवजी 36,000 मिळतात. त्या शक्यतेसाठी मोजलेली ही किंमत आहे.

शिकागोत 1983 मध्ये रिचर्ड डेनिस यांनी नवख्या लोकांना निवडून ट्रेडिंग शिकवलं. ‘टर्टल’ नावाने ओळखल्या गेलेल्या या शिष्यांच्या नियमांतही भाव सरासरी दैनंदिन हालचालीच्या निम्म्याने पुढे सरकला की भर होती, जास्तीत जास्त चार हप्ते, आणि जुन्या हप्त्यांचे स्टॉप तेवढेच वर. मात्र त्यांचे हप्ते सारखे असत. एका खात्यावर, एकाच शेअरमध्ये खेळणाऱ्याला उतरते हप्ते जास्त मानवतात, असं माझं मत आहे.

चुका बहुधा स्टॉपलॉसपाशी होतात. हिशेब जुळावा म्हणून तो 550 ला, भावाला चिकटवून लावला, तर रोजच्या चढउतारातच सौदा कापला जातो. जागा चार्टने ठरवायची. तिथे हिशेब बसत नसेल तर भर घालायचीच नाही. दुसरी चूक अगदी साधी: 100 शेअर नवे घेतले, पण स्टॉपलॉसची ऑर्डर अजून 200 चीच आहे. ट्रिगरच्या भावाबरोबर संख्याही बदलावी लागते. आणि साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावावी लागते किंवा ब्रोकरकडची जीटीटी वापरावी लागते.

रात्रीतून पडणाऱ्या खड्ड्यावर मात्र स्टॉपलॉसचा इलाज चालत नाही. निकाल वाईट लागला आणि शेअर थेट 490 ला उघडला, तर 535 ची ऑर्डर 535 ला निभावत नाही. फार तर 490 च्या आसपास विक्री होते आणि 350 शेअरांवर साधारण 9,500 रुपये जातात, म्हणजे सुरुवातीला ठरवलेल्या पाच हजारांच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून तिमाही निकालाच्या तोंडावर भर घालू नका, आणि तिसरी भर घालण्याआधी असा खड्डा पडला तर किती जातील हे कागदावर मांडून पाहा.